समजलं का, हे विचारायचं नाही

तात्यासाहेब बोलायला लागले की कंपनीचा भोंगासुद्धा त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबायचा, असं शपथेवर सांगणारी माणसं वाळूजला अजून सापडतील. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरतं ते कमी नाही. मूळ गाव लासूर स्टेशन. आडत बाजारात वडलांच्या मागं उभं राहून बोलायला शिकले आणि मग सारी नोकरी ग्राइंडिंग विभागाचे सुपरवायझर म्हणून बोलत राहिले. मधेमधे कामही केलं.

त्यांच्या विभागात एक मशीन होतं. पोलादी पिना घासून गोल गुळगुळीत करणारं. इंजिनात पिस्टनला धरून ठेवतात त्या पिना, अंगठ्याएवढ्या. डोक्यावरच्या केसाचे उभे वीस भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचा जरी फरक पडला तरी पिन बाद. हे मशीन जर्मनीतून जुनं घेतलेलं. ते आलं तेव्हा वाळूजच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाजरी उभी होती, आणि मशीनचा ट्रेलर त्या बाजरीत असा रुतला की काढायला तीन गावांची माणसं आणि एका लग्नाचं अख्खं वऱ्हाड लागलं. नवरदेवानं म्हणे बाशिंग सांभाळत खांदा लावला. तात्यासाहेबांच्या सांगण्यात तो नवरदेव दर वर्षी थोडा जास्त जोर लावायचा.

मशीनचं नाव पडलं मावशी. न बोलवता आली आणि आल्याबरोबर घर ताब्यात घेतलं, म्हणून. तिच्यावर कामाला मोतीराम असायचा. नुसत्या आवाजावरून मावशीची तब्येत सांगायचा. मोतीरामनं एकदा एक माशी धरून मावशीत घातली, मावशीनं तिच्या मिशा तासल्या आणि माशी जिवंत उडून गेली. दुसऱ्या दिवशी ती आपल्या भावकीला घेऊन रांगेत हजर, हा किस्सा तात्यासाहेबांनी इतक्या नव्या पोरांना सांगितला होता की शेवटी त्यांना स्वतःलाच ती रांग आठवायला लागली होती.

मग मोतीराम नातवंडं सांभाळायला लासूरला गेला, तात्यासाहेब निवृत्त होऊन पुंडलिकनगरच्या घरी बसले, आणि मावशी जहाजात बसून व्हिएतनामला गेली. कंपनीनं तिथं हाय फाँग नावाच्या गावी नवा कारखाना काढला होता. तात्यासाहेबांना ही बातमी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात कुणीतरी सांगितली. घरी येऊन त्यांनी द्वारकाबाईंना एवढंच सांगितलं, "मावशी समुद्र पाहून राहिली," आणि त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. द्वारकाबाईंनी घाबरून त्यांचं कपाळ चाचपून पाहिलं.

असं सगळं असताना एका सकाळी कंपनीतून श्रेयाचा फोन आला. श्रेया म्हणजे परदेशातल्या कारखान्यांशी बोलणी सांभाळणारी इंजिनिअर. ती ट्रेनी म्हणून आली तेव्हा माशीचा किस्सा तिनंही ऐकला होता आणि भर विभागात विचारलं होतं, "तात्या, माशीला मिशा असतात का पण?" तेव्हापासून तात्यासाहेब तिला मानायचे.

"तात्या, मावशी बिघडली," ती म्हणाली.

"मावशी नाय बिघडत. माणसं बिघडतात."

"माणसंही आहेत त्यात. तुम्ही या ना. दोन महिन्यांसाठी सल्लागार म्हणून घ्यायला साहेब तयार आहेत."

प्रकरण असं होतं. हाय फाँगमध्ये मावशीच्या पिना मापात बसत नव्हत्या. काही चांगल्या, काही बाद, आणि कारण सापडेना. पिना घासणारी चाकं बदलून झाली, पाया पुन्हा तपासून झाला. हे सगळं काम ज्याच्या हाताखाली होतं तो मारेक पोलंडमध्ये बसायचा. त्यानं सरळ सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत मावशी सुधारली तर ठीक. नाहीतर तिला भंगारात काढून नवं मशीन घेऊ.

"भंगारात?" तात्यासाहेबांनी विचारलं. हे त्यांचं आयुष्यातलं सर्वांत लहान वाक्य असावं.

बैठक मंगळवारी आणि गुरुवारी, दुपारी तीनला, पडद्यावर. पडद्याच्या एका चौकोनात पोलंडचा मारेक, लांब चेहऱ्याचा, सकाळची कॉफी घेऊन. दुसऱ्यात हाय फाँगची लिन, मावशीची सगळी जबाबदारी असलेली तरुण इंजिनिअर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तिसऱ्यात श्रेया आणि तात्यासाहेब खुर्चीला खुर्ची लावून. मारेक घरी पोलिश बोलणारा, लिन व्हिएतनामी, हे दोघं मराठी. बोलायचं मात्र सगळ्यांनी इंग्रजीत, म्हणजे कुणाच्याच घरी नसलेल्या भाषेत.

तात्यासाहेबांचं इंग्रजी वाईट नव्हतं. धावणारं होतं. फक्त ते आधी मराठीत तयार व्हायचं आणि आहे तसं कपडे न बदलता बाहेर पडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी लिनला सांगितलं, की मावशी लई मानी आहे, तिला डोक्यावर बसवू नका आणि पायदळीही तुडवू नका. सकाळी तोंड धुतल्याशिवाय तिला कामाला लावलं की ती दिवसभर नाकानं कांदे सोलते. नवी चाकं घालून तिची समजूत पटत नाही, तिच्या कलानं घ्यावं लागतं. हे सगळं त्यांनी एका दमात, शब्दाला शब्द इंग्रजी करून सांगितलं. कांदेसुद्धा सोडले नाहीत. वर बाजरीत रुतलेल्या ट्रेलरचा किस्सा घातला, नवरदेवासकट.

मग त्यांनी विचारलं, "अंडरस्टूड?"

"येस, अंकल," लिन म्हणाली आणि मान लववली.

"मारेकसाहेब, अंडरस्टूड?"

मारेकनं अंगठा वर केला.

लिन मग काहीतरी बोलली. तिचं इंग्रजी तात्यासाहेबांच्या कानांना शब्दांचे शेवट खाऊन टाकल्यासारखं ऐकू यायचं. वर मधेच आवाज तुटायचा. एवढी गुणी पोरगी, मान लववून अंकल म्हणणारी, तिला "पुन्हा सांग" म्हणायचं म्हणजे तुझं बोलणं धड नाही असं तोंडावर सांगण्यासारखं. ते तात्यासाहेबांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी तोंडभर हसून सांगितलं, "नो प्रॉब्लेम! व्हेरी गुड!" लिननं पुन्हा मान लववली.

बैठक संपली तेव्हा तात्यासाहेब खुशीत होते. "पोरगी हुशार आहे. सगळं पटकन उचललं."

श्रेया उठली. त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेली, दोन चहा सांगितले आणि मग म्हणाली, "तात्या, राग नाही ना येणार?"

"चहा कुणाच्या पैशानं आहे त्यावर."

"माझ्या."

"मग बोल."

"तिला एक अक्षरही कळलं नाही."

"अगं, येस म्हणाली ना!"

"तुम्ही विचारलं म्हणून म्हणाली. समजलं का, असं वडीलधाऱ्या माणसानं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? तुमच्या हाताखाली कुणी म्हणालं होतं?"

तात्यासाहेबांनी कपाकडं पाहिलं. खरंच कुणी म्हणालं नव्हतं. कडुबा नावाचा एक पोरगा तर सहा महिने "व्हय जी" म्हणत होता आणि सहाही महिने त्याला काही कळत नव्हतं. पण तिथं काम अडलं नाही. का अडलं नाही, हे श्रेयासमोर चहा निवत असताना त्यांना आत्ता दिसलं. व्हय म्हटलं की कडुबाचा हात मावशीच्या चाकाकडं जायचा. हात चुकला की तात्यासाहेब तो धरायचे. शब्द कसलेही असोत, मधे मावशी उभी असायची. तोंड धुणं, नाकानं कांदे सोलणं, कल सांभाळणं, हे सगळं तिच्याकडं बोट दाखवून चालायचं. आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. पडद्यावर नुसतं बोलणं उरलं होतं.

"मग बोलायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"एका वाक्यात एकच गोष्ट. मग थांबायचं. लिनला ते मनात आपल्या भाषेत नेऊन परत आणायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्यायचा. आकडे बोलून दाखवायचे आणि पडद्यावर लिहायचेही. आणि मुख्य म्हणजे, समजलं का हे विचारायचं नाही."

"मग काय विचारू, जेवली का?"

"तू उद्या सकाळी पहिल्यांदा काय करशील, ते सांग. असं विचारायचं. याला येस म्हणून सुटताच येत नाही."

"अन् किस्से?"

श्रेयानं कप खाली ठेवला. "मावशी वाचेपर्यंत बंद."

तात्यासाहेबांनी छातीवर हात ठेवला. डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं.

घरी त्यांनी सराव सुरू केला, द्वारकाबाईंवर. "द्वारका. मी आता चहा घेईन. साखर एक चमचा. दूध थोडं." इथं त्यांनी थांबून तिच्याकडं टक लावून पाहिलं. "आता तू काय करशील, ते सांग."

द्वारकाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. "अहो, बरं नाही का? नगरपालिकेची दवंडी दिल्यासारखं काय बोलून राहिले?"

"सराव करतोय. वाक्प्रचार टाळायचे."

"मग इतकी वर्षं माझ्याशी काय बोलत होतात? त्यातलं सगळं मला कळलं असं वाटलं की काय तुम्हाला?"

तात्यासाहेब हबकले. त्यांच्या डोळ्यांपुढून संसार सरकला आणि त्यात द्वारकाबाई जागोजागी मान हलवताना दिसल्या.

गुरुवारी ते पडद्यासमोर बसले ते हात मांडीखाली दाबून. हात मोकळे असले की ते बोलायला लागतात आणि मागोमाग तोंड.

"लिन," ते म्हणाले. "गुड आफ्टरनून." थांबले. "मला मशीन सकाळी कसं सुरू करता ते ऐकायचं आहे. पहिल्यांदा काय करता?"

लिन थोडा वेळ गप्प राहिली. तात्यासाहेबांना तो वेळ नांदेडपर्यंत जाऊन आल्याएवढा वाटला. श्रेयानं टेबलाखाली त्यांचा बूट दाबून ठेवला होता. मग लिन बोलायला लागली, सावकाश. पहिल्यांदा मशीनचा पुढचा भाग पुसतो. साबणाच्या पाण्यानं. बुधवारपासून नवीन सुरू केलं आहे.

"साबणानं? कशासाठी?"

"तुम्ही तोंड धुवायला सांगितलं होतं, अंकल."

मारेकचा चेहरा थोडा आणखी लांब झाला. म्हणाला, "मलाही ते नीट कळलं नव्हतं. मला वाटलं भारतात तशी पद्धत असेल."

श्रेया खोकल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकली. तात्यासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर मावशी आली, परक्या गावात, कुणीतरी रोज सकाळी मन लावून तिचं तोंड पुसतंय. कुणी एवढं ऐकलं होतं त्यांचं! समजलं काही नव्हतं, पण ऐकलं होतं जिवापाड.

मग त्यांनी तोंड धुणं म्हणजे काय ते एकेक गोष्ट करून सांगितलं. मशीन सुरू करा. चाक फिरू द्या. कूलंटचं पाणी चालू ठेवा. पिना घालू नका. इतकंच सांगून ते थांबले. श्रेयानं पडद्यावर लिहिलं: तीस मिनिटं. लिननं विचारलं, आमच्याकडं दहा मिनिटांचा नियम आहे, तीस का? तात्यासाहेबांच्या ओठांवर "म्हातारं हाड" आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "मशीन जुनं आहे. तापायला वेळ लागतो. तापेपर्यंत माप सरकत राहतं. मग तीन पिना घासा. मोजा. बरोबर आल्या तर काम सुरू."

"आता तू सांग," ते म्हणाले. "उद्या काय करशील?"

लिननं सांगितलं. सगळं बरोबर आलं; फक्त कूलंट राहून गेला. तात्यासाहेबांनी तेवढंच पुन्हा सांगितलं, लिननं पुन्हा म्हणून दाखवलं. जाता जाता तिनं आणखी काहीतरी विचारलं, मधे आवाज तुटला, आणि दमलेले तात्यासाहेब सवयीनं "नो प्रॉब्लेम" म्हणून गेले. बैठक संपली तेव्हा त्यांच्या मानेला घाम आला होता. लासूरच्या मोंढ्यातली पोती उचलली असती तर एवढे दमले नसते. पण त्यांच्या लक्षात एक आलं. बारा वाक्यांत सगळी मावशी मावली होती. तिच्यात मोतीराम नव्हता, बाजरी नव्हती, वऱ्हाड नव्हतं. असल्या बोडक्या मावशीला आपण ओळखलं असतं का, असा विचार करत ते कंपनीच्या मागच्या शेडमध्ये गेले. मावशीच्या जागी सिमेंटचा चौकोन तेवढा राहिला होता, आजूबाजूच्या फरशीपेक्षा काळपट. तेलाचा वास अजून येत होता. मोतीराम जेवायला गेला की ते स्वतः इथं उभे राहायचे, आणि मोतीराम आला की मग यांची पाळी. इतकी वर्षं जेवण त्यांना कधी गरम मिळालं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बातमी आली. सकाळच्या पिना झाडून सगळ्या मापात.

"आणि दुपारच्या?" श्रेयानं विचारलं.

"दुपारच्या बाद," मारेक म्हणाला. "पहिल्यासारख्याच." त्यानं कॉफीचा कप बाजूला केला. शुक्रवारी महिना संपत होता. नव्या मशीनचे कागद त्याच्याकडं तयार होते. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही कुणालातरी उत्तर द्यायचं होतं. "मिस्टर तात्यासाहेब, सकाळी चालतं आणि दुपारी नाही, अशा मशीनवर मी गिऱ्हाइकाला शब्द देऊ शकत नाही. गुरुवारी मी निर्णय घेतो."

लिन काहीतरी बोलली. शब्दांचे शेवट गायब, मधे आवाज तुटला. तिच्या आवाजात प्रश्न होता, एवढं कळलं. मागच्या मंगळवारी, गुरुवारी, आज, असा तिसऱ्यांदा हाच सूर तात्यासाहेबांनी ऐकला होता. त्यांच्या डोक्यात तेव्हा भंगारवाल्याचा ट्रक घरघरत होता. तोंड मात्र सवयीनं हसलं.

"नो प्रॉब्लेम, लिन. नो प्रॉब्लेम."

लिननं मान लववली.

"एक मिनिट," श्रेया म्हणाली. इंग्रजीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तात्या, लिन आत्ता काय म्हणाली, ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगाल?"

तात्यासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं, बैलानं कासऱ्याकडं पाहावं तसं. भोंगा थांबवणाऱ्या माणसाला वाक्य सापडेना. मराठीत हळूच म्हणाले, "माझीच परीक्षा घेऊन राहिली व्हय गं?"

"घेतेय," श्रेया हळूच म्हणाली. "सांगा."

खोटं बोलायची त्यांना अडचण नव्हती. खोटं बोलण्यात त्यांची हयात गेली होती. पण माशीला मिशा लावणं वेगळं आणि हे वेगळं. त्यांनी मांडीखालचे हात काढून टेबलावर ठेवले.

"लिन," ते म्हणाले. "मला समजलं नाही. मागच्या वेळीही समजलं नव्हतं. त्याच्या आधीही नाही. मी येस म्हणालो. नो प्रॉब्लेम म्हणालो. मला काही समजलं नव्हतं."

मारेकनं कप उचलून पुन्हा खाली ठेवला. लिनचे डोळे मोठे झाले आणि मग ती हसली, तोंडावर हात धरून, पहिल्यांदाच.

"अंकल, मलाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मला काही समजलं नव्हतं. आमच्याकडं मोठ्या माणसाला तसं सांगत नाहीत."

"आमच्याकडंही नाय सांगत," तात्यासाहेब म्हणाले. "आज आपण सांगू. आता पुन्हा बोल. हळू. मी थांबतो."

लिन हळू बोलली, आणि बोलता बोलता पडद्यावर लिहीतही गेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या विभागाची वीज पूर्ण बंद होते. नियम आहे. लोक जेवतात, मग दिवे मालवून थोडी झोप काढतात. मशीन तासभर बंद राहतं. त्यानं काही बिघडतं का? मला शंका आहे. मी तीनदा विचारलं. तुम्ही तीनदा म्हणालात, नो प्रॉब्लेम.

तात्यासाहेब खुर्चीत मागं टेकले. तासभर बंद! इकडं मावशी दिवसपाळीत कधी बंद झालीच नव्हती. माणसं आळीपाळीनं जेवायची, ती फिरत राहायची. हे सांगायचं असतं हेच त्यांना सुचलं नव्हतं. आपण श्वास घेतो हे कुणी सांगतं का? आणि या पोरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं, तीनदा. तिसऱ्यांदाही मान लववून परत गेली होती, कारण जाणत्या माणसानं चालेल म्हटल्यावर नियम बदलून मागायला ती कोणत्या तोंडानं जाणार?

"बिघडतं," ते म्हणाले. थांबले. "मशीन थंड होतं. माप सरकतं. मग तुम्ही थंड मशीनवर माप लावता. मशीन पुन्हा तापतं. माप पुन्हा सरकतं. तुझी शंका बरोबर आहे. चूक माझ्या उत्तराची."

"मारेक," श्रेया म्हणाली, "आता आपण काय ठरवलं, ते तुम्ही सांगाल?"

मारेकनं भुवया वर केल्या. म्हणजे आपल्यालाही सुटका नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं सावकाश सांगितलं: या एका मशीनला वेगळी वीज. जेवणाच्या सुट्टीत चाक आणि कूलंट चालू, पिना बंद. राखणीला एक माणूस, आळीपाळीनं. सुट्टीनंतर तीन पिना मोजून मग काम. परवानगी मी आज काढतो. उद्या एक दिवस पाहू.

"त्या माणसाची झोप?" तात्यासाहेबांनी विचारलं. सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले. "आमच्याकडं राखणीच्या माणसाचं जेवण गार व्हायचं. मला माहीत आहे. त्याला आधी जेवू द्या. आधी झोपू द्या. मग उभा करा."

लिननं ते लिहून घेतलं आणि न विचारता स्वतःहून म्हणून दाखवलं.

गुरुवारी मारेक पडद्यावर आला तेव्हा त्याचा चेहरा होता तेवढाच लांब होता, त्यामुळं आधी काही कळेना. मग म्हणाला, काल दुपारच्या पिना मापात आहेत. आजच्याही. नव्या मशीनचे कागद मी परत पाठवतो. श्रेयानं टेबलाखाली तात्यासाहेबांच्या बुटावर बूट आपटला. या वेळी दाबला नाही, आपटला.

"म्हणजे मावशी राहिली," तात्यासाहेब मराठीत म्हणाले. त्यांना वाटलं होतं की ही बातमी आली की आपण उठून तास दीड तास बोलू. पण तेवढंच वाक्य आलं आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"अंकल," लिन म्हणाली, "आता आमची दुसरी पाळी येईल. मशीन मुद्दाम बंद ठेवलं आहे. सुरू कसं करायचं ते मी त्यांना शिकवणार आहे. तुम्ही बघाल? मी काही विसरले तर सांगा."

तिनं फोन उचलून मावशीकडं धरला. तात्यासाहेब पुढं वाकले. मावशीला कुणीतरी निळा रंग दिला होता. इथं ती हिरवी होती. माहेरच्या बाईला परक्या शहरात अचानक वेगळ्या लुगड्यात पाहावं तसं त्यांना झालं; पण उभी राहायची ढब तीच, डाव्या अंगाला किंचित जड. तिच्याभोवती चार-पाच पोरं-पोरी जमली. लिन व्हिएतनामीत बोलायला लागली. एक अक्षर कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती बोलायची, थांबायची आणि एकेकाकडं हात करायची, आणि तो पुढं येऊन करून दाखवायचा. एकानं चाक चालू केलं. एकीनं कूलंटची तोटी उघडली. एक ठेंगणा पोरगा पिन घालायला निघाला, तशी लिननं त्याला मनगटाला धरून थांबवलं आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. तात्यासाहेबांचा हात इकडं आपोआप उठला होता, तसाच, मनगट धरायला.

"बरोबर," ते पुटपुटले. "बरोबर. आता तीन पिना."

तेवढ्यात तो ठेंगणा पोरगा मावशीकडं पाहत, गाल फुगवून काहीतरी म्हणाला. सगळी टोळी खदाखदा हसली. लिनही हसली, हेल्मेट डोळ्यांवर येईपर्यंत. एकानं मावशीच्या पाठीवर थाप मारली.

"काय म्हणाला तो?" तात्यासाहेबांनी विचारलं. "लिन, काय म्हणाला?"

लिननं डोळे पुसले. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. इंग्रजीत चार शब्द मांडून पाहिले, मान हलवली. "सॉरी अंकल. ते सांगता येत नाही. ते फक्त आमच्या भाषेत आहे. मशीनबद्दल आहे. फार वाईट आहे. पण फार चांगलं आहे."

श्रेयानं तात्यासाहेबांकडं पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असेल असं तिला वाटलं. पण ते हसत होते. आधी पोटातून, मग खांद्यांतून, आणि मग चष्मा टेबलावर ठेवून. कशाला हसतोय ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. तिकडं पुन्हा कुणीतरी काही बोललं, पुन्हा हसू उसळलं, आणि त्या हसण्यातून मावशीचं चाक एकसारखं घुमत राहिलं.

"तात्या," श्रेया म्हणाली, "बैठक संपली. बंद करू?"

"राहू दे गं थोडं," तात्यासाहेब म्हणाले. "काय बोलतात ते ऐकू दे."